परिमर्यादा क्रमांक सात

मंगळवार, १५ जुलै. सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी साताऱ्यातल्या एका शिक्षणशास्त्र महाविद्यालयाच्या दुसऱ्या मजल्यावर डॉ. संयोगिता आरवाडे यांनी दीपमाला काळेल यांचा प्रबंध पान सव्वीसवर उघडला आणि चष्मा पुसला. अकरा वाजून पन्नास मिनिटांपर्यंत त्यांनी दुसरं पान उलटलं नाही.

दीपमाला माण तालुक्यात म्हसवडजवळच्या जिल्हा परिषद शाळेत शिक्षिका आहे. वय छत्तीस. पीएच.डी.ची नोंदणी होऊन तिला आठ वर्षं होत आली होती. सहा वर्षं नियमाची, दोन वर्षं महिला म्हणून मिळालेली सवलत. ३१ जुलैला ती संपत होती. त्या दिवशी कार्यालय बंद होईपर्यंत प्रबंध विद्यापीठात दाखल झाला नाही तर नोंदणी आपोआप रद्द होणार होती. त्यानंतर पुन्हा प्रवेश परीक्षा, पुन्हा आराखडा, पुन्हा पहिलं पान.

मंगळवारचं सादरीकरण ही दाखल करण्याआधीची शेवटची पायरी होती. समितीत तिघं : प्राचार्य, जे बहुतेक वेळ फोन पाहत होते, मार्गदर्शक डॉ. धैर्यशील बर्गे, आणि सांगलीहून आलेल्या बाह्य तज्ज्ञ डॉ. आरवाडे. मागच्या बाकांवर विभागातले सातआठ संशोधक विद्यार्थी.

प्रबंधाचा विषय माण तालुक्यातल्या मेंढपाळ कुटुंबांमधल्या मुलींची शाळागळती हा होता. ही कुटुंबं दिवाळीनंतर मेंढरं घेऊन नदीकाठाला उतरतात आणि पावसाळ्याच्या तोंडावर परततात. बावीस शाळांची हजेरीपत्रकं, एकशे अठरा कुटुंबांच्या मुलाखती. काम चांगलं होतं. ते डॉ. आरवाडेंनीही सुरुवातीलाच सांगितलं, एका वाक्यात, आणि मग पान सव्वीस उघडलं.

त्या पानावर दोन याद्या होत्या. एक ‘संशोधनाच्या परिमर्यादा’, दुसरी ‘संशोधनाच्या मर्यादा’. दोन्हीत दहा दहा मुद्दे.

“दहाच का?” डॉ. आरवाडेंनी विचारलं.

उत्तर विभागातल्या प्रत्येकाला माहीत होतं. या विभागात पहिलं प्रकरण आधीच्या संशोधकाकडून पुढच्याकडे जातं. गाव, तालुका, इयत्ता बदलायची, बाकी तसंच. दहा मुद्दे ही बर्गे सरांची पद्धत होती. नऊच भरले की कच्चा मसुदा परत येत असे.

“परिमर्यादा म्हणजे काय, सांगा.”

“संशोधनाची आखलेली हद्द, मॅडम.”

“कुणी आखलेली?”

“संशोधकानं.”

“आणि मर्यादा?”

“जी... राहून जाते.”

“राहून जात नाही. तुम्हाला करायचं होतं आणि तुमच्या हातात नव्हतं म्हणून झालं नाही, आणि त्याचा निष्कर्षावर परिणाम होतो, ती मर्यादा. परिमर्यादा तुम्ही काम सुरू करण्याआधी ठरवता आणि का ठरवली ते सांगता. आता वाचा. मर्यादा क्रमांक एक.”

“प्रस्तुत संशोधन केवळ माण तालुक्यापुरते मर्यादित आहे.”

“खटाव तालुक्यात जायला कुणी बंदी केली होती तुम्हाला?”

मागून कुणीतरी हसलं.

“नाही, मॅडम.”

“मग ती तुमची निवड आहे. वर न्या. दोन?”

“पाचवी ते आठवीच्या मुलींचाच विचार केला आहे.”

“हीही निवड. वर. तीन?”

“वेळ, पैसा व श्रम यांच्या मर्यादेमुळे...”

“हे संशोधकाचं रडगाणं आहे. प्रत्येकालाच वेळ कमी असतो, मलाही आत्ता आहे. त्यानं तुमचा कुठला निष्कर्ष कच्चा झाला, ते सांगता येतं?”

“नाही.”

“खोडा. आता वरच्या यादीतली चार.”

“कोविड काळातील हजेरीपत्रके अपूर्ण आहेत.”

“म्हणजे अपूर्ण हजेरीपत्रकं तुम्ही निवडून घेतलीत? शाळांना सांगून ठेवलं होतंत, नीट भरू नका म्हणून?”

आता सगळे बाक हसले. पुढच्या बाकावरचा ऋषिराज सर्वांत मोठ्यानं हसला. तो विभागातला चौथ्या वर्षाचा संशोधक. त्याच्या बॅगेत दीपमालाच्याच पहिल्या प्रकरणाची फाईल होती, तीच वीस वाक्यं. बर्गेही हसले. आठ वर्षं ही यादी त्यांच्याच सहीनं पुढे आली होती.

“पालकांनी दिलेली उत्तरे खरी मानली आहेत,” डॉ. आरवाडे स्वतःच वाचू लागल्या. “हे गृहीतक आहे. ते दोन्हीकडे नको, गृहीतकांत जाऊ दे. बरं. आता मजा पाहा.” त्यांनी पेन्सिलीनं दोन ओळी जोडल्या. “परिमर्यादा क्रमांक सात : ‘प्रस्तुत संशोधनात निवासी शाळांचा समावेश केलेला नाही.’ मर्यादा क्रमांक नऊ : ‘निवासी शाळांची माहिती मिळू न शकल्याने त्यांचा समावेश करता आला नाही.’ पहिलं वाक्य म्हणतं, मी गेलेच नाही. दुसरं म्हणतं, मी गेले आणि मला दार उघडलं नाही. काळेल बाई, तुम्ही गेला होतात की नाही?”

दीपमालानं बर्गेंकडे पाहिलं.

“त्यांच्याकडे नका पाहू. प्रबंधावर नाव कुणाचं आहे?”

“संशोधिकेचा गोंधळ झालाय, मॅडम,” बर्गे म्हणाले. “तसं कच्चंच आहे हे प्रकरण. मी चारदा सांगितलं तिला. आता नोकरी करून, मेंढरांच्या गावातून येऊन करायचं म्हणजे...”

“गोंधळ कुठं आहे, सर? दोन्ही वाक्यं अगदी स्पष्ट आहेत. एक खोटं आहे, एवढंच.”

प्राचार्यांनी फोन खाली ठेवला.

डॉ. आरवाडेंनी पाचवं प्रकरण उघडलं. शिफारस क्रमांक चार : मेंढपाळ कुटुंबांतील मुलींना प्राधान्यानं निवासी शाळांमध्ये दाखल करावं व अशा शाळांची संख्या वाढवावी.

“ज्या शाळा पाहिल्या नाहीत त्यांची शिफारस. ही कुठून आली?”

ती शिफारस गेल्या डिसेंबरात बर्गेंनी स्वतःच्या हस्ताक्षरात मसुद्याच्या कडेला लिहून दिली होती.

इतिवृत्तात चार ओळी गेल्या. परिमर्यादा व मर्यादा वेगळ्या कराव्यात; प्रत्येक बाब एकदाच व योग्य कारणासह नोंदवावी; निवासी शाळांबाबत वस्तुस्थिती एकाच ठिकाणी लिहावी आणि शिफारस चार त्यानुसार तपासावी; पूर्ततेची खात्री बाह्य तज्ज्ञांनी करावी. सादरीकरण ‘पूर्ततेच्या अधीन मान्य’.

वस्तुस्थिती अशी होती. विद्यापीठानं मंजूर केलेल्या मूळ आराखड्यात बावीस शाळांबरोबर एका खासगी संस्थेच्या चार निवासी शाळाही होत्या. दीपमालानं परवानगी मागितली होती. दोन वर्षांपूर्वीच्या फेब्रुवारीत संस्थेचे सचिव वीरधवल भोईटे यांच्या सहीचं उत्तर आलं : ‘आपले मार्गदर्शक डॉ. बर्गे यांच्याशी झालेल्या चर्चेनुसार आपल्या अभ्यासासाठी आमच्या शाळांची माहिती आवश्यक नसल्याने परवानगी देता येत नाही.’ वीरधवल भोईटे हे डॉ. बर्गेंचे मेव्हणे. स्वतः बर्गे संस्थेच्या सल्लागार मंडळावर आहेत.

तेव्हा तिनं मर्यादा क्रमांक नऊ लिहिली. डिसेंबरात बर्गेंनी सांगितलं, त्या शाळा परिमर्यादेत टाक. तिनं टाकल्या. कारण लिहिलं नाही, कारण सांगितलं गेलं नव्हतं. आणि खालचा मुद्दा काढला नाही, कारण काढला असता तर दहाच्या नऊच मर्यादा राहिल्या असत्या.

दुपारी सव्वादोनला बर्गेंनी तिला खोलीत बोलावलं. ऋषिराज तिथंच संगणकावर काहीतरी टंकत होता. त्याला बाहेर जायला सांगितलं गेलं नाही.

“बसू नका. दोन मिनिटांचं काम आहे,” बर्गे म्हणाले. “खालचा नंबर नऊ उडवा. वर सात ठेवा. कारण लिहा : निवासी शाळांत गळती होत नसल्याने त्या वगळल्या आहेत.”

“सर, ते आपण मोजलं कुठं?”

“काय?”

“गळती होत नाही हा निष्कर्ष झाला. आपण त्या शाळा बघितल्याच नाहीत. न मोजलेली गोष्ट वगळण्याचं कारण म्हणून कशी लिहू?”

बर्गेंनी ऋषिराजकडे पाहिलं. “ऐकलं का रं? सकाळी परिमर्यादा म्हणजे काय सांगता येईना, दुपारी मला शिकवायला लागली.”

ऋषिराज हसला.

“मोजायला कशाला पायजे? संस्था माझ्या घरातली हाय. मला म्हाईत न्हाई व्हय?” बर्गे रहिमतपूरचे, रागावले की त्यांची भाषा घरची होते. “सरकारकडं वसतिगृहाचा प्रस्ताव जायचाय. त्यात तुमच्या प्रबंधाची शिफारस जोडायची हाय. तुमचंच नाव होईल.”

“सर, एकसष्ट मुलींचा प्रश्न आहे.”

तो प्रश्न असा. बावीस शाळांच्या पटावरून पाच वर्षांत दोनशे चौदा मेंढपाळ मुलींची नावं कमी झाली. त्यातल्या एकसष्ट मुलींचे दाखले त्या चार निवासी शाळांत गेले होते. तिथं त्या प्रत्यक्ष शिकत असल्या तर गळती एकशे त्रेपन्न. नसल्या तर दोनशे चौदा. दरम्यानचं काहीही असू शकतं. आतलं हजेरीपत्रक पाहिल्याशिवाय सांगता येत नाही. डिसेंबरात तिच्या तक्त्यातला आकडा एकशे त्रेपन्न करण्यात आला होता.

“परिमर्यादा लिहिली तर त्या एकसष्ट शिकतायत असं आपणच ठरवल्यासारखं होतं,” ती म्हणाली. “मर्यादा लिहिली तर निदान माहीत नाही एवढं तरी...”

“दीपमाला.” ते पहिल्यांदाच नावानं बोलले. “मार्गदर्शकाच्या प्रमाणपत्रावर कुणाची सही लागते?”

“तुमची.”

“सोळा दिवस आहेत. जा.”

जिन्यात ऋषिराज तिच्या मागं आला. “ताई, कशाला ताणताय? एक ओळ तर आहे. वर काय न् खाली काय, कोण वाचतंय?”

“आज वाचलं की एकीनं.”

“ती एक. सही एकाची लागते.”

म्हसवडला ती संध्याकाळी पोचली. नवरा पुण्यात कंपनीत. घरात सासू दगडाबाई आणि ती. दगडाबाई पासष्टीच्या, तरुणपणी तीस वर्षं मेंढरांमागं चाललेल्या. त्यांनी पाण्याचा तांब्या पुढं केला आणि विचारलं, “झालं का एकदाचं?”

“थोडं दुरुस्तीचं राहिलंय, आत्याबाई.”

“आठ वर्सं झाली. मेंढरू पाच म्हयन्यात वितंय. तुजं आजून पोटातच हाय?”

दीपमालानं तांब्या खाली ठेवला.

“काय म्हनत्यात ते?”

“म्हणतात, निवासी शाळेत ज्या पोरी गेल्या त्या शिकायला आहेत असं लिही.”

“मग लिव की. आपल्या वस्तीवरची सृष्टी गेलीया की तितं. दाखला नेला, दोन वर्सं झाली.”

“आणि आत्ता कुठं आहे?”

“आत्ता? सकाळी बघितली की म्या. वस्तीवरच्या नानासोच्या मेंढरामागं. माणगंगंच्या पल्ल्याड.” दगडाबाईंनी पान जुळवलं. “आन् अंगावर साळंचाच झगा. त्या येळंला लय ग्वाड दिसली बग.”

सृष्टी एकसष्टांपैकी एक होती. तिचा अनुक्रमांक अडतीस. दीपमालाला ते पाठ होतं. पण एक मुलगी एका सकाळी दिसली, ही माहिती नसते. सुटी असेल, आजारी असेल, परत आली असेल. तिनं ते प्रबंधात लिहिलं नाही. तिथं ते लिहिता येण्यासारखं नव्हतं.

पुढचे आठ दिवस शाळा सुटल्यावर रिकाम्या वर्गात बसून तिनं पान सव्वीस नव्यानं लिहिलं. वीस मुद्द्यांचे नऊ राहिले. परिमर्यादा पाच : तालुका, इयत्ता, फक्त मुली, पाच शैक्षणिक वर्षं, आणि फक्त स्थलांतर करणारी कुटुंबं. प्रत्येकीपुढं कारण, आणि प्रत्येक कारण उद्दिष्टांपैकी एखाद्याला बांधलेलं. पाचवी ते आठवी का, तर चौथीपर्यंतची शाळा वस्तीवर असते आणि पाचवीला मुलीला गाव ओलांडावं लागतं. माणच का, तर तालुक्यातल्या सगळ्या मेंढपाळ वस्त्या तिला पायी गाठता येत होत्या, हे ती आधी लिहिणार होती. मग तिनं ते खोडलं आणि लिहिलं की स्थलांतराचं प्रमाण या तालुक्यात जास्त आहे आणि त्याची नोंद जनगणनेत नाही. पहिलं कारण खरं होतं, पण ते तिच्या सोयीचं होतं. ते तिनं कार्यपद्धतीच्या प्रकरणात, जिथं त्याची जागा होती तिथं, टाकलं.

मर्यादा चार. कोविडच्या दोन वर्षांची हजेरी अपूर्ण. पालकांचं सांगणं आठवणीवर अवलंबून. मुलाखती फक्त जून ते ऑक्टोबरमध्ये झाल्या, त्यामुळे वर्षभर न परतणारी कुटुंबं निसटली. आणि चौथी :

‘मंजूर आराखड्यात समाविष्ट असलेल्या चार निवासी शाळांची हजेरीपत्रके पाहण्याची परवानगी संबंधित संस्थेने नाकारली (परिशिष्ट ८). पटावरून कमी झालेल्या २१४ पैकी ६१ मुलींचे दाखले या शाळांत गेले असून त्या प्रत्यक्ष शिकत आहेत किंवा कसे, हे या संशोधनातून सांगता येत नाही. त्यामुळे गळतीचा आकडा १५३ ते २१४ यांच्या दरम्यान धरावा.’

परिमर्यादा क्रमांक सात राहिली नाही. शिफारस चार काढली. तिच्या जागी ‘पुढील संशोधनासाठी विषय’ या शीर्षकाखाली एक ओळ आली. परिशिष्ट आठ म्हणजे भोईटेंचं पत्र, जसंच्या तसं.

शुक्रवारी, २५ तारखेला, ती रजा टाकून एस.टी.नं आटपाडी, विट्यावरून सांगलीला गेली. डॉ. आरवाडेंचं घर विश्रामबागेकडे. त्यांनी चहा विचारला नाही. व्हरांड्यात खुर्चीवर बसून पान सव्वीस वाचलं, मग परिशिष्ट आठ वाचलं, मग पुन्हा पान सव्वीस.

“आता बरोबर आहे,” त्या म्हणाल्या. “प्रत्येक गोष्ट एकदा आहे, आणि जिथं हवी तिथं आहे. चौथी मर्यादा तर माझ्या विद्यार्थ्यांना दाखवावी अशी आहे. काय झालं, का झालं, आणि त्यानं आकडा कुठवर हलतो. अजून काय लागतं?”

त्यांनी पूर्ततेच्या पत्रावर सही केली. दीपमालाचे डोळे भरले.

“मॅडम, सर यावर सही करणार नाहीत.”

“का?”

“पत्रात त्यांचं नाव आहे.”

“वाचलं मी.”

“तुम्ही एकदा समितीला कळवलंत, प्राचार्यांना फोन केलात...”

डॉ. आरवाडेंनी पेनाचं टोपण लावलं. “मला काय तपासायला सांगितलं होतं? वाक्य कुठं बसतं ते. ते तपासलं. तुमच्या मार्गदर्शकाची सही हा माझा विषय नाही.”

“पण तुम्हाला माहीत आहे खरं काय ते.”

“हो.”

“मग तुमच्या हातात नाही असं कसं म्हणता?”

“हातात नाही असं कुठं म्हटलं मी? प्राचार्य माझे विद्यार्थी आहेत. एक फोन केला तर काम होईल. मी करणार नाही.” त्या उठल्या. “फरक शिकलात ना आता? ही माझी मर्यादा नाही, बाई. परिमर्यादा आहे. मी आखलेली.”

“आणि कारण?”

“पुढच्या वर्षी बर्गे माझ्या दोन मुलांचे परीक्षक आहेत. गेट ओढून घ्या जाताना. गाय शिरते.”

सोमवारी, २८ तारखेला, दुपारी बारा वाजता दीपमालानं बांधलेली प्रत बर्गेंच्या टेबलावर ठेवली. बर्गेंनी पान सव्वीस पाहिलं नाही. सरळ परिशिष्टांकडे गेले. पत्र वाचायला त्यांना अर्ध्या मिनिटापेक्षा जास्त वेळ लागला नाही.

“हे कुणाला विचारून जोडलं?”

“परवानगी नाकारली असं लिहायचं तर कागद लागतो, सर. मॅडमनी मान्य केलंय.”

“मॅडमनी केलंय. मग मॅडमचीच सही घ्या की प्रमाणपत्रावर.” त्यांनी प्रत बंद केली आणि टेबलाच्या कडेला सरकवली, इतकी की ती पडण्याच्या बेतात आली. दीपमालानं ती धरली. “आठ वर्षं हिला सांभाळली मी. कुणी घेत नव्हतं. मुलाखतीला आली तेव्हा चपलेला माती होती. घ्या म्हणलं, वस्तीवरची पोर हाय. आन् हिनं माझाच कागद मला लावला.”

“सर, मी कुणावर आरोप केलेला नाही. पत्र जसं आलं तसं आहे.”

“आता मीबी कागद लिहितो, बघा. ऋषिराज, घे रं.”

त्यांनी तोंडी सांगितलं, ऋषिराजनं टंकलं. संशोधिकेनं मंजूर आराखड्यातील चार शाळांचे काम केलेले नाही. मार्गदर्शनासाठी ती नियमितपणे उपस्थित राहिली नाही. प्रगती असमाधानकारक आहे. सबब मार्गदर्शक म्हणून मी मुक्त होत आहे. खाली साक्षीदार म्हणून ऋषिराजचं नाव. छापलेला कागद त्यानं स्वतःच उचलला आणि सही केली.

“मी दर पंधरवड्याला यायची, ऋषिराज,” दीपमाला म्हणाली. “तू चहा आणायचास.”

“ताई, मला अजून दोन वर्षं आहेत,” तो म्हणाला. त्यानं मान वर केली नाही.

बर्गेंनी तिला दारापर्यंत सोडलं. तिथं ते शांतपणे बोलले. “चार शाळांची परवानगी मिळाली नाही म्हणता. म्हणजे मंजूर काम झालं नाही, हे तुम्हीच लिहून दिलंत. वर सात ठेवला असतात तर मी म्हणालो असतो, हद्दीत बसतं. खाली नेलंत. आता ते अपुरं राहिलं, आणि तुमच्याच शब्दांत. समजलं का, बाई?”

तिला समजलं. विभागात तिनं पहिल्या वर्षापासूनचे सहामाही प्रगती अहवाल मागितले. पंधरा अहवाल. पंधराही अहवालांवर बर्गेंच्या हातचा ‘समाधानकारक’ असा शेरा आणि सही. लिपिकानं छायाप्रती काढून दिल्या आणि विचारलं, “सोळावा?” सोळावा जूनअखेरचा. तो बर्गेंकडे होता.

गुरुवारी, ३१ जुलैला, दीपमाला प्रबंधाच्या चार प्रती, साहित्यचौर्य तपासणीचा अहवाल, डॉ. आरवाडेंचं पूर्तता पत्र आणि पंधरा अहवालांच्या छायाप्रती घेऊन विद्यापीठात पोचली. मार्गदर्शकाचं प्रमाणपत्र या पानाची जागा कोरी होती. शोधप्रबंध विभागातल्या बाईंनी प्रती दोनदा चाळल्या.

“सही कुठाय?”

“नाही दिली.”

“मग घेता येत नाही.”

“नोंदणी आज संपतेय.”

“ते तुमच्या सरांना सांगा.”

“सांगितलंय. कारण अर्जात लिहिलंय. एकदा वाचा.”

बाईंनी अर्ज वाचला. आत गेल्या. बाहेर आल्या तेव्हा पाच वाजून पन्नास मिनिटं झाली होती. त्यांनी अर्जावर आवक शिक्का मारला, क्रमांक टाकला आणि प्रतींवर लाल शाईत लिहिलं : ‘मार्गदर्शक प्रमाणपत्र नाही. निर्णयार्थ सादर.’

“हे दाखल झालं म्हणायचं का?”

“आवक झालं,” बाई म्हणाल्या. “दाखल झालं का नाही ते वर ठरेल.”

बर्गेंचं मुक्ततेचं पत्र विद्यापीठाला २९ जुलैलाच ईमेलनं मिळालं होतं. सोबत सोळावा अहवाल होता. शेरा ‘असमाधानकारक’. दीपमालाला त्याची प्रत ४ ऑगस्टला माहिती अधिकाराखाली नव्हे, तर ऋषिराजच्या फोनवरून आली, मजकुराविना. तिनं उलट विचारलं, हे तू का पाठवलंस? त्यानं उत्तर दिलेलं नाही.

संस्थेचा वसतिगृहाचा प्रस्ताव ७ ऑगस्टला जिल्हा कार्यालयात गेला. त्याला डिसेंबरातल्या मसुद्याची पानं जोडलेली आहेत. त्यात गळतीचा आकडा एकशे त्रेपन्न आहे, शिफारस चार आहे, आणि खाली ‘संशोधिका : दीपमाला काळेल’ असं नाव आहे. ती पानं आपली अंतिम पानं नाहीत, असा अर्ज तिनं ११ तारखेला दिला. पोच मिळाली.

दगडाबाईंनी सृष्टीबद्दल पुन्हा काही सांगितलेलं नाही.

उपकुलसचिवांच्या टेबलावरच्या टिपणीत दोन पर्याय मांडलेले आहेत : प्रबंध मुदतीत आलेला मानून नवा मार्गदर्शक नेमावा, किंवा प्रमाणपत्राअभावी अपूर्ण मानून नोंदणी रद्द करावी. निर्णयासाठी समितीची बैठक १८ ऑगस्टला ठरली होती. ती पुढे ढकलली गेली. नवी तारीख शुक्रवारी, २२ ऑगस्टला, दुपारपर्यंत कळवलेली नव्हती.